साधा लंबक: स्टँड उतरवण्याआधी काय तपासायचं, जर्नलमध्ये काय लिहायचं

साध्या लंबकाचं जर्नल घरी बसून लिहिता येतं, पण चुकलेली रीडिंग घरी बसून सुधारता येत नाहीत. म्हणून या प्रयोगाच्या तयारीचा मोठा भाग स्टँड उभा असतानाच उरकायचा असतो. अकरावीच्या प्रॅक्टिकलला लागणारं सामान नेहमीचंच: जड स्टँड, मधोमध चिरलेलं बूच, न ताणणारा दोरा, हुकाचा धातूचा बॉब, मीटरपट्टी, व्हर्निअर कॅलिपर आणि स्टॉपवॉच. जर्नलच्या कोऱ्या पानावर आकृती आणि तक्ता पेन्सिलने आदल्या दिवशीच आखून ठेवा. सूत्रही लिहून ठेवा, T = 2π√(L/g), म्हणजेच g = 4π² × L/T². म्हणजे तासाला गेल्यावर हात फक्त रीडिंगला मोकळे राहतात.

सगळ्यात आधी लांबी. दोरा बुचाच्या चिरेत घट्ट धरलेला असावा आणि चिरेच्या अगदी खालच्या कडेवरून सुटलेला असावा. स्टँडच्या दांडीला नुसता गुंडाळला, तर बॉब एका बाजूला गेला की दोरा दांडीवर थोडा चढतो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो, म्हणजे लंबकाची लांबी प्रत्येक झोक्यात बदलत राहते. बॉब टांगून दोन मिनिटं तसाच राहू द्या, दोरा ताणायचा तेवढा ताणून घेऊ द्या आणि मगच मोजा. टेबलावर दोरा आडवा धरून मोजलेली लांबी काही कामाची नाही. बुचाच्या कडेपासून बॉबच्या माथ्यापर्यंतची लांबी l, त्यात हूकही आलाच. सूत्रातली L मात्र बॉबच्या मध्यापर्यंतची असते, म्हणून L = l + r. r साठी व्हर्निअरने व्यास दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजा आणि त्याआधी व्हर्निअरची झिरो एरर आणि लीस्ट काउंट नोंदवा. पुढच्या उदाहरणात व्यास २.०० सेमी धरला आहे, म्हणजे r = १.०० सेमी. L नेमकी ६० सेमी हवी असेल, तर l ५९ सेमी ठेवायची.

आता वेळ, आणि इथे घाई नको. बॉब विसाव्याला असताना त्याच्या मागे टेबलावर किंवा भिंतीवर खडूची उभी रेघ मारा. दोलनं मोजायची ती बॉब या रेघेवरून एकाच दिशेने जाताना. पुष्कळ मुलं बॉब टोकाला पोचला की घड्याळ सुरू करतात, कारण तिथे तो थांबल्यासारखा दिसतो आणि ते सोपं वाटतं. पण टोकाला तो रेंगाळतो म्हणूनच नेमका क्षण कोणता ते सांगता येत नाही. मध्यावर त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे रेघ ओलांडण्याचा क्षण स्पष्ट कळतो. पहिले दोन-तीन झोके सोडून द्या. बॉब ढकलायचा नाही, बाजूला धरून अलगद सोडायचा. तो सरळ रेषेत न जाता लंबगोल फिरायला लागला, तर थांबवून पुन्हा सोडा. कोन ५ अंशांच्या आत असावा असं सगळेच लिहितात, पण कोनमापक क्वचितच कोणी लावतो. त्याची गरजही नाही: एक मीटर लांबीला बॉब मध्यापासून साधारण ८ सेमी सरकवला आणि ६० सेमी लांबीला ५ सेमी, की काम झालं.

घड्याळाचं बटण दाबताना तोंडाने ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणून सुरुवात केली, तर ‘वीस’ म्हणताना प्रत्यक्षात १९ च दोलनं झालेली असतात. ही चूक या प्रयोगातली सगळ्यात लबाड चूक आहे. का, ते तक्ता पाहिल्यावर कळेल. प्रत्येक लांबीला २० दोलनांची वेळ दोनदा घ्या. दोन्हींत अर्ध्या सेकंदाचा फरक आला, तर सरासरी काढत बसू नका, तिसऱ्यांदा मोजा. नमुन्यादाखल एक तक्ता असा:

| L (मी) | वेळ १ (से) | वेळ २ (से) | सरासरी | T (से) | T² (से²) | L/T² |
|---|---|---|---|---|---|---|
| ०.६० | ३१.१ | ३१.२ | ३१.१५ | १.५५७५ | २.४२६ | ०.२४७३ |
| ०.७० | ३३.६ | ३३.५ | ३३.५५ | १.६७७५ | २.८१४ | ०.२४८८ |
| ०.८० | ३६.० | ३५.९ | ३५.९५ | १.७९७५ | ३.२३१ | ०.२४७६ |
| ०.९० | ३८.१ | ३८.१ | ३८.१० | १.९०५० | ३.६२९ | ०.२४८० |
| १.०० | ४०.१ | ४०.२ | ४०.१५ | २.००७५ | ४.०३० | ०.२४८१ |

T चे अंक मध्येच कापायचे नाहीत, कारण पुढे त्याचा वर्ग होतो. अंक कमी करायचे ते शेवटच्या उत्तरात. शेवटच्या स्तंभाची सरासरी ०.२४८०, तिला 4π² ने म्हणजे ३९.४८ ने गुणलं की g = ९.७९ मी/से².

स्टँड उतरवण्याआधी या तक्त्यावर दोन नजरा टाकायच्या. पहिली नजर शेवटच्या ओळीवर. एक मीटर लंबकाला २० दोलनांसाठी ४० सेकंदांच्या किंचित वर वेळ लागायलाच हवी. तिथे ३८.१ च्या आसपास आकडा दिसला, तर समजा की मोजणी ‘एक’पासून झाली आहे. असं सगळ्या ओळींत झालं, तर प्रत्येक T पाच टक्क्यांनी कमी येतो आणि g चं उत्तर १०.८५ च्या घरात जातं. गंमत म्हणजे L/T² चा स्तंभ तरीही एकसारखाच दिसतो आणि ग्राफही सुरेख सरळ येतो, मूळबिंदूतूनच जातो. म्हणजे ही चूक ग्राफ पकडत नाही. ती पकडायची तर आकडा काय यायला हवा होता, हे आधीच ठाऊक असावं लागतं.

दुसरी नजर L/T² च्या स्तंभावर, वरून खाली. आकडे थोडे इकडेतिकडे होत असतील, कधी वर कधी खाली, तर हरकत नाही. पण ते खाली येताना सतत वाढत गेले, तर लांबीत काहीतरी राहिलं आहे. वरच्याच प्रयोगात कोणी r मिळवायला विसरला आणि l लाच L म्हणाला, तर पहिल्या ओळीत ०.२४३२ येईल आणि शेवटच्या ओळीत ०.२४५७. त्यावरून g आधी ९.६० आणि शेवटी ९.७० निघेल. कारण उघड आहे: राहून गेलेला एक सेंटिमीटर ६० सेमीत जास्त खुपतो, १०० सेमीत कमी.

हीच चूक ग्राफवर फार छान दिसते, मात्र त्यासाठी ग्राफ नीट आखलेला हवा. T² आडव्या अक्षावर आणि L उभ्या अक्षावर घ्या. मग स्लोप म्हणजे L/T² आणि g = 4π² × स्लोप. अक्षांची अदलाबदल केली, तर स्लोपने गुणायचं नाही, भागायचं. तोंडी परीक्षेत पुष्कळ जण इथे अडखळतात. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करा. आडव्या अक्षावर १ सेमी म्हणजे ०.२५ से² आणि उभ्यावर १ सेमी म्हणजे ०.०५ मी असं माप घेतलं, की सगळे बिंदू साध्या ग्राफपेपरवर बसतात. अणकुचीदार पेन्सिलने बिंदू काढून भोवती लहान वर्तुळ करा. रेषा पारदर्शक पट्टीने एकच ओढायची, अशी की बिंदू दोन्ही बाजूंना साधारण सारखे विखुरलेले राहतील. बिंदूला बिंदू जोडत गेलेली वाकडीतिकडी रेघ म्हणजे ग्राफ नव्हे. मूळबिंदूतून रेषा जबरदस्तीने नेऊ नका. ती आपणहून कुठे जाते, तेच तर बघायचं आहे.

स्लोपसाठी तक्त्यातले बिंदू न घेता रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घ्या. आपल्या रेषेवर T² = २.५० ला L = ०.६२० आणि T² = ४.०० ला L = ०.९९२ मिळतात. स्लोप = ०.३७२ ÷ १.५० = ०.२४८ आणि g पुन्हा ९.७९. आता r विसरलेल्याचा ग्राफ बघा. त्याचा प्रत्येक बिंदू एक सेंटिमीटर लांबीने, म्हणजे कागदावर दोन मिलिमीटरने, खाली सरकलेला असतो. रेषा मूळबिंदूच्या तेवढीच खालून जाते, पण स्लोप मात्र तोच राहतो. म्हणजे तक्त्यातून काढलेला g चुकतो आणि ग्राफमधून काढलेला बरोबर येतो. दोन उत्तरं जुळत नसतील, तर खाडाखोड करून ती जुळवू नका. रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते ते मोजा. ते अंतर बॉबच्या त्रिज्येइतकं निघालं, तर कारण सापडलं, आणि ते तसंच लिहायचं.

चुकांच्या कारणांचा परिच्छेद बहुतेक जर्नलमध्ये ‘हवेचा विरोध’ इथून सुरू होतो आणि तिथेच संपतो. तो सरसकट नक्कल केलेला असतो, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. कारणं लिहायची ती त्यांच्या आकाराच्या क्रमाने. पहिलं कारण स्टॉपवॉच दाबणारं बोट. सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर ४० सेकंदांत तो अर्धा टक्का होतो आणि T चा वर्ग होत असल्यामुळे g मध्ये एक टक्का. दुसरं कारण लांबी: मीटरपट्टीवर दोन मिलिमीटर चुकले, तर एक मीटरला ०.२ टक्के. तिसरं कोन: ५ अंशांना दोलनकाल जेमतेम ०.०५ टक्के वाढतो, पण कोणी उत्साहाने २० अंशांवरून सोडला, तर पाऊण टक्का वाढतो आणि g दीड टक्क्याने कमी येतो. पितळी बॉबवर हवेच्या उत्प्लावक बलाचा परिणाम यांच्यापुढे नगण्य, शेकड्याच्या शेकड्यातला एखादा भाग. हवेच्या विरोधामुळे झोका हळूहळू लहान होत जातो खरा, पण दोलनकाल जवळपास तोच राहतो.

राहिलं उत्तर. वरच्या हिशेबाने g मध्ये साधारण एक टक्क्याची अनिश्चितता आहे, म्हणजे ०.१ मी/से². तेव्हा कॅल्क्युलेटरवर दिसतात म्हणून ९.७८९३ असे चार दशांश लिहिण्यात अर्थ नाही. ९.८ ± ०.१ मी/से² असं लिहा, एकक न विसरता. आणि पुस्तकातल्या ९.८१ शी जुळावं म्हणून रीडिंग खेचू नका. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना g ९.७८ पासून ९.८३ पर्यंत वाढत जातो आणि महाराष्ट्रात तो ९.७८-९.७९ च्या आसपास असतो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जां रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याच्या लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि ते बरोबर चालवायला त्याला लंबक आखूड करावा लागला. आपल्या ० ते १ मीटरच्या पट्टीवर एवढा बारीक फरक पकडता येणार नाही, पण टक्केवारीतली चूक काढताना तुलनेसाठी ९.८१ ऐवजी ९.७९ घेतला, तर तो आकडा तरी आपल्या जागेचा असेल.