ईएमआयचं ऑटो-डेबिट दुसऱ्या बँकेत नेताना बाउन्स कसा टाळायचा

नोकरी बदलली, सॅलरी अकाउंट बदललं, की पहिला विचार येतो जुन्या बँकेतलं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी, बंद करून टाकायचा. तसं करू नका, आधी नवीन चालू होऊ द्या.

लोनच्या ईएमआयला जे मँडेट असतं ते बहुतेक वेळा नॅच या बँकांच्या ऑटो-डेबिट यंत्रणेचं असतं आणि त्यातला खाते नंबर बदलून मिळत नाही, नवीनच करावं लागतं. लोन देणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्रांचला जाऊन बँक बदलायची रिक्वेस्ट टाका, मग नवीन खात्याच्या नेटबँकिंगने, डेबिट कार्डने किंवा आधार ओटीपीने मंजुरी द्या. तिथे जी रक्कम दिसते ती कमाल मर्यादा असते, ईएमआयपेक्षा जास्त दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण नीट वाचून घ्या. मंजुरीनंतर यूएमआरएन नावाचा मँडेटचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा. आणि पुढचा हप्ता कुठल्या खात्यातून जाणार हे कंपनीला सरळ विचारा, कारण हप्त्याची तारीख जवळ आली असेल तर तो जुन्याच खात्यावर जाऊ शकतो.

नवीन खात्यातून एक हप्ता गेला की मगच जुनं रद्द करा, बँकेच्या नेटबँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत किंवा ब्रांचला यूएमआरएन देऊन. यूपीआय ऑटोपे असेल तर अ‍ॅपमध्येच ऑटोपेमध्ये जाऊन पिन टाकून रद्द होतं. पण मँडेट रद्द केलं म्हणजे हप्ता माफ झाला असं नाही हं, तो भरावाच लागतो.

आता चार्जेसचं, कारण खरं नुकसान इथे होतं. समजा ईएमआय ८,४०० आहे, ५ तारखेला खात्यात ८,१५० आहेत. २५० कमी म्हणून बाउन्स. बँकेचा चार्ज २५० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५ कापले, उरले ७,८५५. तुम्हाला वाटतं २५० कमी होते म्हणून तेवढे टाकले, झाले ८,१०५. कंपनीने ८ तारखेला परत प्रयत्न केला, परत २९५ कमी, परत बाउन्स. दोनदा मिळून बँकेचे ५९० गेले, शिवाय कंपनी स्वतःचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. माझ्या भावाचं अगदी असंच झालं होतं, त्याला दुसरा मेसेज आल्यावर कळलं की आधी चार्ज कापला गेलाय.

म्हणून बाउन्सचा मेसेज आला की आधी आत्ताचा बॅलन्स बघा आणि कमी पडतील तेवढे त्यावरून मोजून भरा. किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून हप्ता थेट भरा, पण मग त्यांना फोन करून परत डेबिट टाकू नका असं सांगा, नाहीतर दोनदा कापला जाऊ शकतो. आणि पैसे हप्त्याच्या आदल्या दिवशीच ठेवा, डेबिट बऱ्याचदा सकाळीच येतं, २०२१ च्या ऑगस्टपासून नॅच रविवारी आणि सुट्टीलाही चालतं.