मटणाचा बेत असेल तर कुत्र्यासाठी आधीच काय तयार ठेवाल

सोलापुरात रविवारी मटण शिजलं की उरलेली हाडं कुत्र्यापुढे जातात, आणि सोमवारी-मंगळवारी शी अडून, पोटात गॅस धरून ते अंगणात कुंथत बसतं. म्हणून पहिली तयारी म्हणजे हाडांचं ताट उचलून सरळ कचऱ्यात टाकायचं. शिजलेलं हाड चावताना फुटतं, आतडं टोचू शकतं आणि शी पांढरट, खडूसारखी कोरडी होते. लसूण घातलेली शेंगाचटणी लावून भाकरीचा तुकडाही देऊ नका. लसूण कुत्र्यांना विषारी आहे.

दुसरी तयारी पाण्याची. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. 20 किलोचा कुत्रा धरला तर एक ते सव्वा लिटर, आणि इथल्या एप्रिल-मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. आपल्याकडे नळाला पाणी रोज येतंच असं नाही, तेव्हा साठवणीतलं त्याच्या वाट्याचं पाणी वेगळं काढा. सकाळी एक लिटरचं भांडं भरून त्यातूनच वाटीत ओतत गेलात की किती प्यायला ते रात्री कळतं. पीत नसेल तर भाकरी किंवा भात बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या चिकनच्या पाण्यात कालवा.

तिसरी, शी मऊ राहावी म्हणून उकडलेला लाल भोपळा. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन टेबलचमचे पुरतात. इसबगोल द्यायचंच तर अर्धा-एक चहाचा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून. पाणी कमी पडलं तर तेच आत घट्ट होऊन मार्ग अडवतं, त्यामुळे न पिणाऱ्या कुत्र्याला ते नकोच. एरंडेल, माणसांचं जुलाबाचं औषध किंवा मेडिकलमधला एनिमा घरी आणूनच ठेवू नका. फॉस्फेटचा एनिमा छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

गॅसचं म्हणाल तर दूध आणि डाळ-हरभरा बंद करून आठवडाभर पाहा. बकाबका खाणाऱ्याला पसरट ताटात वाढा, हवा कमी गिळेल.

पशुवैद्यांचा नंबर आणि रात्री मिळेल अशी रिक्षा मात्र आधीच ठरवून ठेवा. दोन दिवस शी झाली नाही, उलट्या होतात, रक्त दिसतं, तर घरगुती उपाय थांबवा. नीट पाहा, कुंथतो तो शीसाठी की लघवीसाठी. लघवीच अडली असेल तर त्याच दिवशी न्यायचं. नसबंदी न झालेल्या वयस्क नराची शी पट्टीसारखी चपटी येत असेल तर प्रोस्टेट सुजलेली असू शकते, तिथे भोपळा काही करणार नाही. आणि पोट एकाएकी फुगून टणक झालं, लाळ गळते, ओकारी काढतो पण बाहेर काहीच पडत नाही, तर तो साधा गॅस नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, तोंडातून काही देऊ नका, फोन रिक्षात बसून करा.