दुरुस्त संहितेचं वाचन: अडखळलं की फक्त खूण
नाटकाची संहिता पुन्हा लिहून झाली की वाचनाला लेखकानं स्वतः भूमिका वाचू नये. सूर डोक्यात असल्यानं तो अवघड वाक्यही सहज रेटून नेतो. त्यानं पेन्सिल घेऊन ऐकावं. नट अडखळला, शब्द बदलून बोलला किंवा भलत्याच जागी श्वास घेतला, की समासात खूण करावी. वाचन थांबवू नये. एकदा अडखळणं नटाचं असू शकतं, पण दुसऱ्या वाचनातही तिथेच जीभ अडकली तर वाक्यच बदलायचं. ‘तू सांगितलेलं मी आईला सांगितल्यावर ती चिडली’ याचं ‘आईला सांगितलं मी. चिडली ती.’ एवढं पुरतं. जुन्या-नव्या संवादांच्या सांध्यांवर जास्त कान ठेवावा: तिथे प्रश्न कापला जातो आणि उत्तर तसंच राहून जातं.