आजोबांच्या फोटोखाली काय लिहावं

"आधारवड कोसळला", "पोकळी कधीच भरून निघणार नाही" ही वाक्यं कुणाच्याही फोटोखाली चालतात, म्हणूनच ती आपल्या आजोबांची वाटत नाहीत. त्यापेक्षा त्यांची एक बारीकशी सवय आठवा आणि ती 'करायचे', 'म्हणायची' अशा रूपात लिहा. 'गेले', 'हरपले' म्हटलं की मृत्यूचा क्षण समोर येतो. 'करायचे' म्हटलं की त्यांचं रोजचं वागणं दिसतं.

माझा पहिला मसुदा होता: "प्रेमळ, कष्टाळू आजोबा, तुमच्याविना घर सुनं झालं." विशेषणं काढली, सुनं घरही काढलं. मग लिहिलं: "आजोबा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि घरभर शोधत फिरायचे. आम्ही लगेच सांगायचो नाही." खाली नाव, जन्म-मृत्यूची वर्षं. बस.

फोटोत जे दिसतंच आहे ते पुन्हा सांगू नका. अगदीच राहवलं नाही तर शेवटी "आठवण येते" एवढं पुरे, तेही उद्गारचिन्हाशिवाय. 'खूप' जोडलंत की आवाज चढतो. आणि आजीला आयुष्यभर 'अगं आजी' म्हणत असाल तर इथेही 'तू'च ठेवा. 'आपण' लिहिलं की मानपत्र वाटायला लागतं.