टॉसिलेट करताना या चुका टाळा

पहिली चूक हूडमध्ये शिरण्याआधीच होते. कायरल सेकंडरी अल्कोहोलमधला OH घालवायचा, म्हणून सरळ HBr ओततात. आम्लाने OH चं पाणी होतं, ते निघून जातं आणि मागे कार्बोकॅटायन उरतो. ३-मिथाइल-२-ब्युटॅनॉल घ्या. शेजारच्या कार्बनवरचा हायड्राइड सरकतो आणि हाती मुख्यतः २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन येतं. ज्या कायरल सेंटरसाठी महागडं अल्कोहोल मागवलं, तेच गायब! टॉसिल क्लोराइड वापरलं की अल्कोहोलचा ऑक्सिजन सल्फरवर हल्ला करतो; कार्बन-ऑक्सिजन बंधाला धक्काही लागत नाही, त्यामुळे कॉन्फिगरेशन जसंच्या तसं राहतं. ते उलटतं पुढच्या SN2 मध्ये, तेही एकदाच.

हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ घालते ती घाई. मुंबईतल्या एका लॅबमध्ये एमएस्सीचा मुलगा (आर)-२-ऑक्टॅनॉलपासून (एस) अझाइड करत होता. "सर, शेवटची लोकल चुकेल, सकाळपर्यंत होऊन जाईल" म्हणत त्याने पिरिडिनमधला फ्लास्क रात्रभर ६० अंशांवर सोडला. अझाइडचं यील्ड चांगलं, आयआरमध्ये २१०० चा पट्टा ठसठशीत, पण रोटेशन अपेक्षेच्या निम्मंही नाही. खापर पोलॅरिमीटरवर फुटलं. मी उरलेल्या टॉसिलेटचा एनएमआर काढायला लावला. ४.६ च्या मल्टिप्लेटशेजारी ४.० ला आणखी एक होता, क्लोराइडचा. टॉसिलेशनमध्येच सुटलेल्या क्लोराइड आयनाने गरम फ्लास्कमध्ये टॉसिलेट फोडून (एस) क्लोराइड केलं होतं. अझाइडने ते पुन्हा उलटवलं आणि नको असलेलं (आर) अझाइड तयार झालं. दोन्ही एनॅन्शिओमर, साध्या कॉलमवर कसे वेगळे होणार? आणि अल्काइल क्लोराइड यूव्हीखाली दिसत नाही, म्हणून टीएलसी प्लेट शेवटपर्यंत स्वच्छच दिसत होती.

माझी पद्धत जुनी आहे. १.३ ग्रॅम ऑक्टॅनॉल, १० मिली कोरडं पिरिडिन, बर्फाचं भांडं, त्यात २.९ ग्रॅम टॉसिल क्लोराइड थोडं थोडं टाकायचं आणि बूच लावून फ्लास्क रात्रभर लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी तळाशी पिरिडिनियम क्लोराइडच्या लांब सुया दिसल्या की काम पुढे सरकलंय असं समजायचं. लोकलही चुकत नाही.

जुलैतल्या मुंबईत टॉसिल क्लोराइडच्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. शुद्ध माल ६७ ते ६९ अंशांना वितळतो. गुठळ्या झाल्या असतील तर त्यात टॉसिक ॲसिड आलेलं असतं. अगदी थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पाचपट पेट्रोलियम ईथर घाला, ॲसिड खाली बसतं, ते गाळून टाका. पाच मिनिटांचं काम, पण कुणाला करायचं नसतं.

उरलेलं टॉसिल क्लोराइड कॉलमवर काढत बसण्यापेक्षा वर्कअपआधी थंड फ्लास्कमध्ये थोडं पाणी घालून अर्धा तास ढवळा. टर्शरी अल्कोहोलवर हा प्रयोगच नको, तिथे गर्दीमुळे टॉसिलेट बनत नाही, आणि बनलं तरी अल्कीन होऊन जातं. रोटाव्हॅपचं पाणी ३५ अंशांच्या पुढे नेऊ नका, आणि सेकंडरी टॉसिलेट पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका, त्याच दिवशी वापरा.