निळा म्हणजे कापूस, की सोयाबीन?

डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून पहिल्याच नोकरीत माझ्याकडे शेतमालाच्या आवकेचा डॅशबोर्ड आला. पिकं चार: कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. पानावर तीन चार्ट: महिनावार आवकेच्या रेषा, बाजारनिहाय बार आणि पिकांच्या वाट्याचा पाय चार्ट. सगळं पायथनमध्ये, प्लॉटली एक्स्प्रेस वापरून केलं होतं.

बैठकीत साहेबांनी फिल्टरमधून लातूर निवडलं आणि म्हणाले, "लातूरला एवढा कापूस कुठून आला?" आमच्या डेटात लातूरला कापूस नव्हताच. बारमधला तो उंच निळा खांब सोयाबीनचा होता. पण वरच्या रेषांच्या चार्टला फिल्टर लागत नव्हता, आणि तिथे निळा रंग कापसाचा होता. साहेबांचं काहीच चुकलं नव्हतं. एका पानावर एक रंग दोनदा दिसला तर माणूस तो एकाच गोष्टीचा धरतो, दर वेळी लेजंड वाचत बसत नाही.

हे का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्याकडेही ते असंच होईल. रंग सांगितले नाहीत तर प्लॉटली पिकाचं नाव पाहून रंग देत नाही. डेटात जे पीक आधी येतं त्याला यादीतला पहिला रंग, म्हणजे निळा, मग तांबडा, मग हिरवा. संपूर्ण डेटात कापूस पहिला होता. लातूर निवडल्यावर कापसाच्या ओळी गळाल्या आणि बाकीची पिकं एकेक जागा वर सरकली. सोयाबीन निळं झालं, तूर तांबडी झाली. आवकेनुसार सॉर्ट केलं तरी हाच गोंधळ होतो.

उपाय म्हणजे रंग क्रमाला न बांधता नावाला बांधायचा, आणि तो एकाच फाइलमध्ये लिहायचा:

```python
RANG = {
    "कापूस": "#0072B2",
    "सोयाबीन": "#E69F00",
    "तूर": "#D55E00",
    "हरभरा": "#009E73",
    "इतर": "#999999",
}
px.bar(df, x="बाजार", y="आवक",
       color="पीक", color_discrete_map=RANG)
```

पहिले चार रंग ओकाबे-इतो या रंगसंचातले आहेत. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांनाही ते वेगळे ओळखू यावेत अशा बेताने तो संच केलेला आहे.

यानंतरही मी दोनदा अडखळले. पाय चार्टमध्ये नुसतं `names="पीक"` दिलं होतं, त्यामुळे `RANG` देऊनही रंग जुनेच राहिले. तिथे `color="पीक"` हेही वेगळं लिहावं लागतं. दुसरी चूक सापडायला जास्त वेळ गेला. एका बाजाराच्या फाइलमध्ये 'सोयाबिन' असं ऱ्हस्व लिहिलेलं होतं. नाव यादीत नसलं की प्लॉटली तक्रार करत नाही, मूळ यादीतला पुढचा रंग गुपचूप देऊन टाकते. `RANG` मध्ये पाच नावं आहेत, म्हणून या अनोळखी पिकाला सहावा रंग मिळाला, फिकट आकाशी. आता चार्ट काढण्याआधी मी हे तपासते:

```python
navi = set(df["पीक"]) - set(RANG)
assert not navi, navi
```

'इतर'बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी कसोटी तिथे लागते. पुढे पिकं वीसच्या वर गेली. तेवढे रंग नजरेला वेगळे ओळखता येत नाहीत. माझ्या मते सात-आठच्या पुढे जाऊच नये. मी प्रत्येक चार्टसाठी मोठी पाच पिकं काढून उरलेली 'इतर'मध्ये टाकली, आणि उडीद एका चार्टमध्ये स्वतःच्या रंगात तर शेजारच्या चार्टमध्ये राखाडीत जमा झाला. तेव्हा नावं जुळत होती, रंगही जुळत होते, पण राखाडीचा अर्थच दर चार्टला बदलत होता. म्हणून कोणती पिकं 'इतर'मध्ये जाणार हे फिल्टर लावण्याआधी, संपूर्ण डेटावर एकदाच ठरवा आणि तीच विभागणी सगळ्या चार्टना द्या. एखाद्या तालुक्यात 'इतर'चा खांब सगळ्यात उंच दिसेल. दिसू द्या, आणि त्यातली पिकं टूलटिपमध्ये दाखवा.

त्याच पानावर वर्षांची तुलना करायची असेल तर हे पाच रंग तिथे वापरू नका. मी चालू वर्षाला काळा आणि मागच्याला फिकट करडा देते. 'इतर'च्या राखाडीशी गल्लत नको म्हणून मागच्या वर्षाची रेषा तुटक ठेवते.

पान सोपवण्याआधी माझी चाचणी एकच असते. यादीतलं पहिलं पीक जिथे नाही असा बाजार निवडायचा आणि आधीचा व नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवायचा. आमच्याकडे त्यासाठी अजूनही लातूरच निवडतात.