गाडी दारात आली, पण हप्त्याचं मॅन्डेट अजून ‘पेंडिंग’ आहे? मग या चुका टाळा

लातूरला दुचाकीच्या शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली. दसरा-दिवाळीत गाड्या जातात आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपासून माझा फोन वाजायला लागतो. तक्रार दरवर्षी तीच असते: “साहेब, पैसे तर खात्यात होते की! त्यांनी कापलेच नाहीत, मग आमचा हप्ता चुकला कसा?” बोलणारा माणूस खरंच बोलतो. पैसे होते. पण खात्यात पैसे असणं वेगळं आणि हप्ता भरला जाणं वेगळं. या दोन्हींच्या मधे जे मॅन्डेट असतं, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी, ते चालू झालंय का, हे कोणी बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. फॉर्मवर सही केली किंवा मोबाईलवर ओटीपी टाकला की काम संपलं असं लोक धरून चालतात. खरं तर काम तिथून सुरू होतं. बँकांमधून असे हप्ते आपोआप ओढणाऱ्या यंत्रणेला नॅच म्हणतात; तिचा कागदी फॉर्म आम्ही फायनान्स कंपनीकडे पाठवतो. कंपनी तो स्कॅन करून तिच्या बँकेमार्फत ही यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे चढवते, तिथून तो तुमच्या बँकेकडे जातो. तुमची बँक सही, नाव आणि खातं ताडून बघते आणि मग मंजूर करते किंवा परत पाठवते. माझ्या अनुभवात कागदी फॉर्मला दोन आठवडे धरावेत, सणासुदीत तीन. नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून केलेलं ई-मॅन्डेट बरंच लवकर होतं, पण आपल्याकडच्या कितीतरी लहान सहकारी बँकांची नावं त्या यादीत सापडत नाहीत. मग कागदच उरतो.

२०२४ च्या दसऱ्याची गोष्ट सांगतो. अहमदपूर तालुक्यातले एक मामा, सोयाबीन नुकतंच विकलेलं, मुलासाठी गाडी घ्यायला आले. दसरा १२ ऑक्टोबरला होता, कागदपत्रं ११ तारखेला संध्याकाळी झाली. हप्ता ३,४८० रुपये, पहिला हप्ता ५ नोव्हेंबरला. खातं गावाकडच्या बँकेचं, म्हणून कागदी फॉर्म. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यातून दुसरा शनिवार, मग रविवार, त्यामुळे फॉर्म सोमवारपर्यंत आमच्याच ड्रॉवरमध्ये होता. मी मामांना एवढंच म्हणालो, “मामा, पाच तारखेला खात्यात पैसे ठेवा.” ते सांगणं अपुरं होतं, आणि त्याची खंत मला आजही आहे.

मामांनी सहा हजार ठेवले. २९ ऑक्टोबरला बँकेनं फॉर्म परत पाठवला, कारण सही जुळत नव्हती. कंपनीचा मेसेज मुलाच्या नंबरवर गेला, कारण फॉर्मवर तोच नंबर होता. पोरानं तो जाहिरातीचा समजून सोडून दिला. आठ तारखेला मामांनी पासबुक छापून आणलं, पैसे तसेच होते. त्यांना वाटलं, पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम कापतील. मग त्यातले पाच हजार हरभऱ्याच्या बियाण्याला आणि खताला गेले. १३ तारखेला वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा खात्यात हजार रुपये होते आणि पेरणी तोंडावर होती. पहिला हप्ता भरता भरता ३ डिसेंबर उजाडला.

नंतर मामा ट्रॅक्टरच्या कर्जाला गेले. बँकेनं क्रेडिट रिपोर्ट काढला, त्यात नोव्हेंबरच्या रकान्यात २५ दिवस थकीत. वर्षभर हप्ते भरून एखादा चुकला तर अधिकारी कारण विचारतो. पहिलाच हप्ता चुकलेला दिसला तर त्याला शंका येते की या माणसाचा फेडायचा विचार तरी होता का. मामांना ट्रॅक्टर मिळाला, पण जामीनदार शोधून आणि दोन महिने फेऱ्या मारून. रिपोर्टमधली नोंद दुरुस्तही होईना, कारण ती खोटी नव्हती. पैसे ५ तारखेला पोचले नव्हतेच. त्या वेळी ही माहिती क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांकडे महिन्यातून एकदा जायची. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना ती महिन्यातून निदान दोनदा पाठवावी लागते, म्हणजे मधे सावरून घ्यायला आता वेळ आणखी कमी आहे.

यात एक गोष्ट मामांच्या बाजूची निघाली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कंपनीनं उशिराचा दंड लावला आणि वर ‘बाऊन्स चार्ज’सुद्धा. मी मामांच्या खात्याचं स्टेटमेंट मागवलं. हप्ता ओढायचा प्रयत्न होऊन तो फसला असता तर बँकेनं रिटर्नचा चार्ज लावला असता आणि स्टेटमेंटमध्ये `ACH` किंवा `NACH` अशी ओळ दिसली असती. तशी ओळच नव्हती. म्हणजे मॅन्डेट नसल्यामुळे बँकेकडे मागणी गेलीच नव्हती. मागणीच नाही तर बाऊन्स कशाचा? तसं ईमेलनं लिहून दिल्यावर तो चार्ज निघाला. उशिराचा दंड मात्र राहिला. हप्ता गेला नाही असं कळलं की वाद घालायच्या आधी स्टेटमेंट बघा. रिटर्नची ओळ दिसली तर अडचण शिलकीची किंवा खात्याची, काहीच दिसलं नाही तर अडचण मॅन्डेटची.

मग करायचं काय? मी आता प्रत्येकाच्या पासबुकावर पेन्सिलनं दोन तारखा लिहितो: पहिल्या हप्त्याची, आणि त्याच्या सात दिवस आधीची. त्या आधीच्या तारखेला कंपनीच्या ॲपमध्ये मॅन्डेटचं स्टेटस बघायचं, किंवा ग्राहक सेवेला फोन करून विचारायचं. तिथं `Active` किंवा ‘रजिस्टर्ड’ असा शब्द हवा. काही जण मला यूएमआरएन नंबर दाखवतात, “हा बघा, नंबर आला.” तो वीस अक्षर-अंकांचा नंबर मॅन्डेट यंत्रणेत चढलं की तयार होतो, तुमच्या बँकेनं होकार देण्याच्या आधीच. नंबर असलेली कितीतरी मॅन्डेट नंतर परत आलेली मी पाहिली आहेत. नंबर चौकशीसाठी जपून ठेवा, पण भरवसा स्टेटसवर.

सात दिवस आधी स्टेटस चालू नसेल तर पहिला हप्ता हातानं भरायचा. कंपनीच्या ॲपवरून, शाखेत रोख देऊन, किंवा फोनवरच्या यूपीआय ॲपमध्ये ‘लोन रिपेमेंट’मध्ये कर्ज खात्याचा क्रमांक टाकून. पावती घ्या. हे मी हट्टानं करून घेतो.

इथं घाई करणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. चार तारखेला रात्री हातानं हप्ता भरतात आणि खातं रिकामं करतात. पण पाच तारखेची मागणी बँकेकडे एक-दोन दिवस आधीच निघालेली असते. तेवढ्यात मॅन्डेट चालू झालेलं असेल तर पाचला पुन्हा ओढलं जातं, पैसे नसले की खराखुरा बाऊन्स होतो आणि आपल्या बँकेचाही चार्ज बसतो. म्हणून हातानं भरायचं तर चार-पाच दिवस आधी भरा, “या महिन्याची मागणी थांबवा” असं कंपनीला लेखी कळवा, आणि तरीही एका हप्त्याइतकी शिल्लक दहा तारखेपर्यंत हलवू नका. दोनदा गेलेले पैसे परत मिळतात किंवा पुढच्या हप्त्यात वळतात. बाऊन्सचा डाग तसा निघत नाही.

आता सहीबद्दल, कारण कागदी मॅन्डेट परत येण्याचं माझ्या टेबलावरचं नेहमीचं कारण तेच. मामांनी १५ वर्षांपूर्वी खातं उघडताना मराठीत पूर्ण नाव लिहून सही केली होती. आमच्या फॉर्मवर मुलानं सांगितलं म्हणून इंग्रजीत, छोटी. आपल्याकडे अनेकांच्या दोन सह्या असतात, एक बँकेची आणि एक बाकी जगाची. मी आता फॉर्म पुढे ठेवण्याआधी विचारतो, “पैसे काढायच्या स्लिपवर कशी करता?” आठवत नसेल तर त्यांना आधी बँकेत पाठवतो, भले त्या दिवशी गाडी जाऊ नये. अंगठा लावून उघडलेल्या खात्यावर नव्यानं शिकलेली सही चालत नाही, बँकेत आधी सही बदलून घ्यावी लागते. संयुक्त खातं दोघांच्या सहीनं चालत असेल तर फॉर्मवर दोघांच्याही सह्या हव्यात. मॅनेजर मला म्हणतात, सणाच्या दिवशी एवढं खोदत बसू नका. मी बसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. फॉर्मवरची ‘पासून’ तारीख पहिल्या हप्त्यानंतरची पडली तर मॅन्डेट चालू असूनही पहिला हप्ता ओढता येत नाही, म्हणून सही करण्याआधी ती वाचा. पीककर्ज थकलेल्या खात्यावर बँकेनं होल्ड लावलेला असतो, पासबुकात पैसे दिसतात पण निघत नाहीत. तिथून हप्ता लावूच नका. पगार सातला होत असेल तर पाचची तारीख घेऊ नका, कर्ज होण्याआधी मागितली तर अनेक कंपन्या तारीख बदलून देतात. आणि बँकेला रविवारी सुट्टी आहे म्हणून हप्ता सोमवारी जाईल असं समजू नका. ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालतं.

पोरांचं एक वेगळंच. ई-मॅन्डेट करताना स्क्रीन फिरत राहिली की मागे जातात आणि पुन्हा करतात, तिसऱ्यांदा करतात. मग दोन मॅन्डेट चालू होऊन बसतात. `Pending` दिसलं तर दोन दिवस हात लावू नका, नंतर कंपनीला विचारून जुनं रद्द झाल्याची खात्री करा आणि मगच नवं करा. यूपीआय ऑटोपेची विनंती आली असेल तर ती ॲपच्या ऑटोपे विभागात पिन टाकेपर्यंत अडकून राहते आणि मुदत संपली की जाते. मेव्हण्याच्या फोनवरून ‘तात्पुरतं’ मंजूर करून घ्यायचं तर मी सरळ नाही म्हणतो. मॅन्डेट मेव्हण्याच्या खात्यावर बसतं आणि त्यानं पैसे काढले की बाऊन्स तुमच्या कर्जावर लागतो.

ओटीटीच्या वर्गणीचं ऑटोपे चुकलं तर सेवा बंद पडते, पुन्हा पैसे भरले की चालू होते. त्याच्या सवयीनं कर्जाच्या मॅन्डेटकडे बघणारी मुलं माझ्याकडे रोज येतात. त्यांच्या फॉर्मवर मी आता दोन नंबर घेतो, एक मुलाचा आणि एक घरात मेसेज वाचणाऱ्या माणसाचा.